विचारणारा एक, पैसे देणारा दुसरा

भंडारा जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी पहाटे पाचला धावायला निघते, दुपारी अभ्यासिकेत बसते आणि रात्री फोनवर गणिताची लेक्चर्स पाहते. ऑनलाइन बॅच घ्यावी का, कुठली घ्यावी, हा प्रश्न त्या पोरांच्या डोक्यात असतो. फी मात्र बाबांच्या किंवा आईच्या खात्यातून जाते, आणि ते खाते धानावर चालते. धान आधारभूत केंद्रावर मोजून दिले, तरी चुकारे जमा व्हायला वेळ लागतो. ऑनलाइन कोर्स विकण्यासाठी थेट प्रश्नोत्तरांचे सत्र घेणारे बहुतेक शिक्षक विचारणाऱ्या पोराशी बोलतात आणि पैसे देणाऱ्या माणसाला विसरतात. सत्र रंगते, चॅटमध्ये शेकडो नमस्कार येतात, आणि दुसऱ्या दिवशी फी भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात.

म्हणून या लेखात एकाच बॅचचे सत्र आधीपासून नंतरपर्यंत मांडतो. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली परिस्थिती या जिल्ह्यातली आहे. साकोली किंवा लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी क्लास घेणारे एक शिक्षक आहेत, असे धरू. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेसाठी त्यांनी चार महिन्यांची ऑनलाइन बॅच तयार केली आहे. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, आठवड्यातून दोनदा थेट वर्ग, दर रविवारी सराव पेपर. फी १,८०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे ही फी एका क्विंटलच्या आतली आहे. घरातला मोठा माणूस हाच हिशेब करतो, आणि त्यात काही चूक नाही.

दिवस आणि वेळ

सत्र कधी ठेवायचे, हे शेती ठरवते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, तेव्हा घरातली सगळी माणसे बांधीत असतात. दिवाळीच्या सुमारास कापणी लागते. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. त्याच काळात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि ती रात्रभर चालतात. ज्या गावात नाटक आहे, त्या गावातून त्या रात्री कोणी सत्राला येणार नाही. शनिवार-रविवारी मंडई, नाटके आणि लग्ने यांची गर्दी जास्त असते. म्हणून मधल्या वारी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार निवडू. तोवर बहुतेकांचे धान चुरून झालेले असते, काहींचे मोजूनही झालेले असते.

वेळ संध्याकाळी साडेसात. अनेक क्लासवाले रात्री नऊची वेळ ठेवतात, कारण शहरातला नोकरदार तेव्हा मोकळा होतो. इथला उमेदवार पहाटे धावतो, साडेनऊला त्याचे डोळे मिटू लागतात. साडेसातला वडील शेतातून परतलेले असतात आणि स्वयंपाक चाललेला असतो. फोन पोराच्या हातात असला तरी आवाज घरभर जातो. आपल्याला नेमके हेच हवे आहे.

प्रश्न आधी गोळा करायचे

थेट सत्रात लोक आपोआप चांगले प्रश्न विचारतील, हा पहिला गैरसमज. शंभर अनोळखी नावांसमोर ‘माझे गणित आठवीपासून कच्चे आहे’ असे कोणी लिहीत नाही. त्यामुळे चॅटमध्ये ‘सर, जाहिरात कधी येणार’ एवढाच प्रश्न वीस वेळा येतो. खरे प्रश्न आधी, एकट्याने विचारायची सोय करून मिळवावे लागतात.

सत्राच्या दहा दिवस आधी नोंदणी सुरू करायची. गुगल फॉर्ममध्ये चारच रकाने सक्तीचे ठेवायचे: नाव, तालुका, व्हॉट्सॲप क्रमांक आणि ‘मागच्या वेळी कुठे अडलं किंवा आता कशाची भीती वाटते?’ ज्यांना लिहायचा कंटाळा आहे, त्यांनी आवाजी संदेश पाठवला तरी चालेल, असे सांगायचे. पाचवा, ऐच्छिक रकाना मोठ्यांसाठी: ‘घरच्यांना काही विचारायचे आहे का?’ हा रकाना थोडेच जण भरतात, पण जो भरतो त्याच्या घरात निर्णयाची चर्चा सुरू झालेली असते.

क्रमांक घेताना काळजी घ्यायची. सगळ्यांना एका साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातले, तर प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. मुलींना त्याच रात्री अनोळखी संदेश येऊ लागतात, आणि घरी कळले की ती मुलगी कायमची बाहेर पडते. त्यासाठी व्हॉट्सॲप चॅनेल किंवा कम्युनिटीचा घोषणा विभाग वापरायचा, तिथे सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट यादी वापरायची असेल तर दोन मर्यादा लक्षात ठेवायच्या: एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा क्रमांक फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोचतो. म्हणून नोंदणी झाल्याबरोबर ‘हा क्रमांक क्लासच्या नावाने सेव्ह करा’ असा एक संदेश पाठवायचा.

आलेल्या प्रश्नांचे चार ढीग करायचे: अभ्यासाचे, ग्राउंडचे, वेळ-पैशाचे आणि विश्वासाचे. पहिल्या दोन ढिगांत प्रश्न भरपूर असतात आणि त्यांची उत्तरे शिक्षकांना तोंडपाठ असतात. विक्री अडते ती शेवटच्या दोन ढिगांपाशी. ‘मी मजुरीला जातो, लाईव्ह कसं पाहू?’, ‘भरती पुढे गेली तर बॅच किती दिवस चालेल?’, ‘मागच्या वर्षी एका ॲपला पैसे भरले आणि ते बंद पडलं, तुमचं काय?’ सत्रासाठी सहा प्रश्न निवडायचे, त्यांतले निदान तीन या दोन ढिगांतले असावेत. प्रत्येकाचे उत्तर आधी कागदावर लिहून मोठ्याने वाचायचे. चार मिनिटांत बसत नसेल तर छाटायचे.

काय बोलायचे नाही

२०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजारांहून जास्त जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभराच्या आसपास. आधी ५० गुणांची मैदानी चाचणी, तीत किमान ५० टक्के हवेत. त्यातून जागांच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, वेळ ९० मिनिटे, आणि तिथे किमान ४० टक्के. अशा परीक्षेत कोणीही निवडीची हमी देऊ शकत नाही, आणि देणे कायद्यालाही मान्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासला ती लागू आहेत. त्यांनुसार निवडीची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि त्याने कोणता कोर्स घेतला होता, पैसे भरून की फुकट, हे सांगावे लागते. एखादा माजी विद्यार्थी सत्रात बोलणार असेल, तर त्याने पहिल्याच वाक्यात हे सांगून टाकावे. ‘मी सरांची फक्त टेस्ट सिरीज घेतली होती’ हे वाक्य ऐकून विक्री घटत नाही. ऐकणाऱ्याला त्याचे पुढचे बोलणे खरे वाटू लागते.

दुसरा नियम ३० नोव्हेंबर २०२३ चा, ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांबद्दलचा. त्यात तेरा प्रकार दिले आहेत, त्यांतले तीन अशा सत्रात हमखास घडतात. एक, खोटी घाई: रेकॉर्ड केलेल्या बॅचला जागांची मर्यादा नसताना ‘शेवटच्या वीस जागा’ म्हणणे. दोन, किंमत तुकड्यातुकड्याने सांगणे: सत्रात १,८०० आणि पैसे भरताना वर कर व शुल्क. कोचिंगवर १८ टक्के जीएसटी आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या, नोंदणी न केलेल्या शिक्षकाला तो लावता येत नाही. ज्याची नोंदणी आहे त्याने करासह पूर्ण रक्कम सांगावी. तीन, पुन्हा पुन्हा टोकणे: नकार दिलेल्या माणसाला रोज संदेश पाठवणे. तिसऱ्या मुद्द्याकडे पाठपुराव्यात पुन्हा यावे लागेल.

पंचाहत्तर मिनिटे

सत्राला तीन माणसे लागतात. शिक्षक बोलतात. दुसरा माणूस चॅट वाचतो, प्रश्न निवडतो आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून शिक्षकांसमोर धरतो. तिसरा आवाज, नेट आणि पैशांची नोंद सांभाळतो. शिक्षकांनी स्वतः चॅट वाचू नये. वाचताना नजर खाली जाते, बोलणे तुटते, आणि सोपा प्रश्न आधी उचलला जातो.

जागा यूट्यूब लाईव्हची. झूमच्या फुकट खात्यावर १०० जण आणि ४० मिनिटे एवढीच मुभा आहे, आपले सत्र त्यात बसत नाही. यूट्यूबवर बघणाऱ्याला नाव नोंदवून आत यावे लागत नाही, नेट मंद असेल तर चित्र आपोआप हलके होते, आणि रेकॉर्डिंग तिथेच राहते. पहिल्यांदा लाईव्ह सुरू करण्याची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, आणि मोबाइलवरून लाईव्ह करायला निदान ५० सदस्य लागतात. म्हणून आठवडाभर आधी एक खासगी चाचणी करून घ्यायची.

मिनिटांचा आराखडा असा:

७.१५ आवाज, प्रकाश, दोन्ही फोन चार्ज. दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन हॉटस्पॉट लावून तयार.

७.३०–७.३५ ओळख. बॅच कोणासाठी, किती दिवसांची, फी १,८०० रुपये. हे आत्ताच सांगायचे.

७.३५–७.५० एक गणित पूर्ण शिकवायचे.

७.५०–८.१५ आधी निवडलेले सहा प्रश्न, प्रत्येकी चार मिनिटे.

८.१५–८.२२ बॅचचे स्वरूप. काय मिळेल, काय मिळणार नाही, कोणी घेऊ नये, पैसे परत कधी मिळतील.

८.२२–८.४० चॅटमधले प्रश्न, त्यांत घरच्यांचे आधी.

८.४०–८.४५ पैसे कुठे आणि कसे भरायचे, बॅच कधी सुरू, फोन कधी करायचा. नंतर बंद.

यातल्या तीन जागांबद्दल सविस्तर सांगायला हवे.

पहिली, फी सुरुवातीलाच सांगण्याची. ऑनलाइन विक्रीत किंमत शेवटी उघड करायची पद्धत रुळली आहे. तासभर ऐकल्यावर माणूस माघार घेत नाही, असा त्यामागचा हिशेब. पण आपला पैसे देणारा माणूस तासभर बसणार नाही. तो चुलीजवळून किंवा पलंगावरून पाच मिनिटे ऐकेल आणि ‘कितीचं आहे?’ एवढेच विचारेल. उत्तर आधीच कानावर पडले असेल, तर पुढचे सत्र तो त्या आकड्याला तोलत ऐकतो. शिवाय ज्याला परवडणार नाही, तो आशेवर ताटकळत बसत नाही.

दुसरी, गणिताची. कोर्सबद्दल बोलण्यापेक्षा कोर्स कसा शिकवतात, हे दाखवणे जास्त बोलके. गणित मुलांच्या रोजच्या धावण्यातून घ्यायचे. एक मुलगा १,६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत धावतो, त्याचा सरासरी वेग ताशी किती किलोमीटर? आधी वेळ सेकंदांत: ३२०. मग १,६०० भागिले ३२०, सेकंदाला ५ मीटर. याला १८/५ ने गुणले की ताशी १८ किलोमीटर. इथे थांबून १८/५ कुठून आले ते सांगायचे: तासात ३,६०० सेकंद, किलोमीटरला १,००० मीटर, आणि ३,६०० भागिले १,००० म्हणजेच १८/५. मग उलट प्रश्न: ४०० मीटरच्या ट्रॅकवर याच वेगाने एक फेरी किती सेकंदांत? ऐंशी. उत्तर चॅटमध्ये लिहायला सांगायचे आणि थांबायचे. यूट्यूबवर चित्र काही सेकंद उशिरा पोचते, मग लिहायला वेळ लागतो. शिक्षक पाच सेकंदांत ‘कोणालाच येत नाही का?’ म्हणाले, तर ज्यांच्यापर्यंत प्रश्न अजून पोचलेलाच नाही, त्यांचा अपमान होतो. प्रश्न दोनदा वाचायचा, फळ्यावर आकृती काढायची, तेवढ्यात उत्तरे येतात. सेटिंगमध्ये कमी विलंबाचा पर्याय आहे, पण नेट डळमळीत असेल तर त्याने चित्र अडखळते. आपल्याकडे नेहमीचाच विलंब ठेवून बोलण्याची चाल बदलणे बरे.

तिसरी जागा ८.१५ ची. ‘कोणी घेऊ नये’ हे स्पष्ट सांगायचे. ज्याची मैदानी चाचणी अजून २५ गुणांपर्यंत पोचत नाही, त्याने आधी धावण्याकडे लक्ष द्यावे; ही बॅच लेखीची आहे आणि तोवर तिचा उपयोग नाही. ज्याने दुसरीकडे बॅच घेतली आहे आणि ती नीट चालू आहे, त्याने हे पैसे वाचवावेत. पैसे परत करण्याचा नियमही एका वाक्यात बसला पाहिजे: बॅच सुरू झाल्यापासून सात दिवसांत कारण न विचारता पूर्ण फी परत, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात. भरती पुढे गेली तर लेक्चर्स लेखी परीक्षा होईपर्यंत खुली राहतील की चार महिन्यांनी बंद होतील, हेही सांगायचे. पावसामुळे मैदानी चाचणीच्या तारखा बदलतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक घरात असतो.

चॅटमध्ये एक प्रश्न नक्की येईल: ‘ग्राउंड ३८ आहे, लेखीला किती लागतील?’ इथे आकडा देण्याचा मोह आवरायचा. मेरिट जिल्ह्यानुसार, प्रवर्गानुसार, जागांनुसार बदलते. मागच्या भरतीची आपल्या घटकाची निवड यादी उघडून आपल्या प्रवर्गातल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण कसे शोधायचे, ते पडद्यावर दाखवायचे. मुलाला आकड्यापेक्षा जास्त उपयोगी गोष्ट मिळते आणि शिक्षकांना खोटे बोलावे लागत नाही.

वीज गेली तर राउटर बंद पडतो. तिसऱ्या माणसाने लगेच फोनचा हॉटस्पॉट जोडायचा. थोड्या वेळात जोडणी परत आली तर तेच प्रक्षेपण पुढे चालते. पाच मिनिटांत आली नाही, तर चॅनेलवर एकच संदेश टाकायचा: ‘वीज गेली आहे, उद्या याच वेळी उरलेले प्रश्न घेऊ, नवी लिंक इथेच मिळेल.’ तासभर लोकांना पडद्यासमोर बसवून ठेवायचे नाही.

पाठपुरावा: बुधवार ते सोमवार

फी बहुतेक वेळा सत्रात भरली जात नाही. ती पुढच्या चार दिवसांत, घरात बोलणे झाल्यावर भरली जाते. पाठपुराव्याचे काम त्या बोलण्याला लागणारी माहिती पुरवण्याचे आहे.

बुधवारी रात्री सव्वानऊपर्यंत रेकॉर्डिंगची लिंक जाते, खाली वेळा लिहिलेल्या: गणित कुठे आहे, फी व परतीचा नियम कुठे, घरच्यांचे प्रश्न कुठे. वडील पंचाहत्तर मिनिटे पाहणार नाहीत, पण त्यांच्या प्रश्नाची चार मिनिटे पाहतील. गुरुवारी दुपारी, सत्रात राहून गेलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे एकत्र जातात, विचारणाऱ्यांची नावे न घेता. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते आठ फोन घ्यायचे, फक्त घरच्यांसाठी. फोन त्यांनी करायचा. ज्यांनी फॉर्ममध्ये घरच्यांचा प्रश्न लिहिला होता, त्यांनाच आपण करायचा. रविवारी शेवटचा संदेश: ‘उद्या बॅच सुरू होत आहे. नंतरही येता येईल, आधीची लेक्चर्स पाहता येतील.’ एवढ्यावर थांबायचे. जो ‘नको’ म्हणाला, त्याचा क्रमांक यादीतून त्याच दिवशी काढायचा.

सर्वांना एकच संदेश पाठवू नये. तीन याद्या करायच्या: ज्यांनी प्रश्न विचारला, जे चॅटमध्ये दिसले पण प्रश्न विचारला नाही, आणि नोंदणी करून जे चॅटमध्ये दिसलेच नाहीत. पहिल्या यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर वैयक्तिक जाते. तिसऱ्या यादीला विक्रीचा संदेश न पाठवता फक्त गणिताच्या भागाची लिंक पाठवायची. त्यांतल्या बऱ्याच जणांनी अजून काही पाहिलेलेच नसते.

पैशांसाठी दोन सोयी ठेवायच्या. क्लासच्या नावाचा यूपीआय क्यूआर, म्हणजे पैसे पाठवताना पडद्यावर क्लासचे नाव दिसेल आणि त्याच रात्री पावती जाईल. आणि दोन हप्ते: ९०० आता, ९०० चुकारे जमा झाल्यावर, शेवटची तारीख आधीच ठरलेली. दुसऱ्या हप्त्यासाठी मुलाला टोकायचे नाही. ज्या खात्यातून पहिला हप्ता आला, त्या मोठ्या माणसालाच एक आठवण जाते.

हिशेब

समजा ३०० जणांनी नोंदणी केली, १२० आले, ७० शेवटपर्यंत थांबले आणि सोमवारपर्यंत २० जणांनी फी भरली. हे आकडे उदाहरणाचे आहेत, महत्त्व त्यांच्यातल्या अंतरांना आहे. नोंदणी आणि हजेरी यांत मोठी फट असेल, तर वेळ चुकली किंवा आठवणीचा संदेश पोचला नाही. ब्रॉडकास्टमध्ये क्रमांक जतन न केल्याचा प्रकार इथेच सापडतो. एकाच वेळी किती जण पाहत होते, याचा आलेख यूट्यूब देतो. तो ७.३५ ला पडला तर फी जास्त वाटली, पावणेआठला पडला तर गणित लांबले किंवा समजले नाही, ८.१५ ला पडला तर बॅचची माहिती जाहिरातीसारखी झाली. आणि लोक शेवटपर्यंत थांबले, प्रश्न विचारले, तरी फी आली नाही, तर पैसे देणाऱ्यापर्यंत सत्र पोचलेच नाही. अशा वेळी पुढच्या सत्राचे आमंत्रण सुधारून उपयोग नाही, शुक्रवार-शनिवारचे फोन वाढवायला हवेत.

शेवटचा आकडा सात दिवसांनंतरचा, फी परत मागणाऱ्यांचा. वीसपैकी सहा जणांनी परत मागितली, तर सत्रात काहीतरी खऱ्यापेक्षा जास्त सांगितले गेले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: ‘सत्रात ऐकलं त्यापेक्षा वेगळं काय निघालं?’ त्याचे उत्तर पुढच्या वेळच्या ८.१५ च्या सात मिनिटांत घालायचे. पैसे मात्र उत्तराची वाट न पाहता परत द्यायचे. फी भरून फसवणूक झाली असे वाटणाऱ्या पालकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शिक्षकांनी तो सत्रात स्वतःच सांगितला तर बिघडत काहीच नाही. ज्याच्या सात-बाऱ्यावरच्या धानातून ही फी येणार आहे, त्याला आपला पैसा परत मिळवायची वाट आधी कळली पाहिजे. ती कळली की तो निर्धास्तपणे पैसे भरतो.